चाराचा आठ, एकाचा नऊ

कोल्हापुरात लक्ष्मीपुरीच्या धान्यपेठेत किंवा कपिलतीर्थ मंडईत आजही बरीच बिलं हातानं लिहिली जातात, आणि लिहिणारे बरेच हात मराठी आकड्यांवर बसलेले आहेत. दुकानात त्याची कुणाला अडचण नसते. माल समोर असतो, दर तोंडी ठरलेला असतो, पैसे मोजून दिलेले असतात. बिल ही त्या व्यवहाराची आठवण, एवढंच. अडचण सुरू होते ती महिन्या-दोन महिन्यांनी, जेव्हा तेच बिल बचतगटाच्या सचिवाकडं, खानावळीच्या हिशेबनिसाकडं किंवा करसल्लागाराच्या ऑफिसात संगणकावर बसलेल्या मुलीकडं जातं. तिथं ना माल असतो, ना बोलणं. कार्बन कॉपीवरच्या फिकट निळ्या रेघा तेवढ्या असतात, आणि त्यांतून मराठी आकडे ओळखून ते इंग्रजी आकड्यांत टाकायचे असतात. बेरीज त्यानंतर.

या कामावरून दोन तट पडलेले दिसतात. हिशेब ठेवणारे म्हणतात, व्यापाऱ्यांनी सरळ इंग्रजी आकडे लिहावेत, म्हणजे प्रश्नच मिटला. व्यापारी म्हणतो, माझ्या गिऱ्हाइकाला मराठी आकडे कळतात, मला तेच न चुकता लिहिता येतात; तुम्हाला वाचता येत नसतील तर तुम्ही शिका. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. कुणाचं किती, हे ठरवायचं तर चूक नेमकी कुठं होते ते आधी पाहावं लागेल, कारण ती वाटते तिथं होत नाही.

मराठी आणि इंग्रजी आकडे शेजारी मांडले की त्यांचे तीन गट पडतात. ०, २ आणि ३ हे दोन्हीकडं जवळजवळ सारखे. ते कुठल्याही लिपीत वाचले तरी किंमत तीच राहते. ६, ८ आणि ९ यांच्यासारखं इंग्रजीत काही नाही. ज्याला मराठी आकड्यांची सवय नाही तो ६ पाहून थबकतो, ८ पाहून विचारात पडतो. असं थबकणं हिशेबाच्या फायद्याचंच, कारण थबकलेला माणूस कुणाला तरी विचारतो. फसवतात ते उरलेले चार. १ ची गाठ वर आणि शेपटी खाली असते, म्हणजे हुबेहूब इंग्रजी 9. ४ चे दोन हात वर उघडे असतात. घाईत ते एकमेकांना टेकले की 8 तयार. ५ हा उघड्या तोंडाच्या 4 सारखा दिसतो. ७ डावीकडून खाली येतो, उजवीकडून वर वळतो आणि आत मिटतो. वळण जरा जास्त आत गेलं की त्याचा 6 होतो. या चार आकड्यांपाशी वाचणारा थांबत नाही, कारण त्याला ते ओळखीचे वाटतात. चूक होते ती अनोळखी आकड्यावर नव्हे, ओळखीच्या वाटणाऱ्या आकड्यावर.

याखेरीज आकड्याइतकीच घोटाळ्याची एक जुनी खूण आहे. वयस्क व्यापारी अजूनही अडीच किलो लिहिताना २॥ असं लिहितात. एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. रुपयाचे सोळा आणे आणि शेराचे चार पाव होते तेव्हाची ही सोय. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली, पाठोपाठ किलो-ग्रॅम आले, तरी पावकी, निमकी आणि दिडकी पाठ केलेल्या पिढीच्या हातातून ती रेघ गेली नाही. मराठी आकड्यांत नुसत्या उभ्या रेघेचा कुठलाच अंक नसल्यामुळं लिहिणाऱ्याला तिचा गोंधळ कधी होत नाही. इंग्रजी आकड्यांत मात्र उभी रेघ म्हणजे एक. त्यामुळं २॥ चं वाचन 211 असं होऊ शकतं. रकमेपुढं ओढलेली तिरकी रेघ किंवा पैशांआधी दोन आडव्या रेघा, जसं २२५=००, यांचंही तसंच. त्या खुणा आहेत, अंक नव्हेत, हे वाचणाऱ्याला आधी माहीत असावं लागतं.

आता एक बिल पुढं ठेवू. उन्हाळ्यात कांदा-लसूण चटणी करणाऱ्या एखाद्या बचतगटानं आणलेल्या मालाचं ते आहे असं समजा. दर आणि वजनं उदाहरणापुरती घेतली आहेत. मांडणी मात्र नेहमीचीच.

ब्याडगी मिरची, ४ किलो, दर २८५, रक्कम ११४०
सुकं खोबरं, २॥ किलो, दर २४०, रक्कम ६००
धने, १॥ किलो, दर १५०, रक्कम २२५
तीळ, ॥। किलो, दर १८०, रक्कम १३५
लसूण, ५ किलो, दर १४०, रक्कम ७००
हमाली ४०
एकूण २८४०

हिशेब लिहिणारी मुलगी सहसा वजन आणि दर टिपत नाही, शेवटच्या रकान्यातल्या रकमा तेवढ्या घेते. समजा तिनं पहिल्या पाच रकमा बरोबर वाचल्या. हमालीपाशी कार्बन पसरलेला आहे, ४ चे वरचे हात मिटल्यासारखे दिसतात, म्हणून तिनं 80 वाचले. पाच रकमांची बेरीज २८००, त्यात 80, म्हणजे 2880. मग ती बिलाच्या एकूण रकमेकडं पाहते. तिथंही तोच हात, तोच ४, तीच घाई. तिला तिथंही 2880 दिसतात. बेरीज जुळली, टिकमार्क पडला, बिल फाइलला लागलं. गटाच्या पेटीतून गेले २८४० आणि वहीत चढले 2880.

या प्रश्नाची खरी मेख इथं आहे. बेरीज जुळली की वाचन बरोबर, असं आपण धरून चालतो. पण आकडा चुकीचा वाचण्याची सवय एकाच दिशेची असेल, तर ओळीतली चूक आणि एकूण रकमेतली चूक एकमेकींची साक्ष देतात. दोन्ही साक्षीदार एकाच घरचे. म्हणून नुसत्या बेरजेचा ताळा मराठी आकड्यांच्या बिलाला पुरत नाही, विशेषतः एखादा अंक ओळीतून जसाच्या तसा एकूण रकमेत उतरलेला असतो तेव्हा.

बाहेरचा साक्षीदार त्याच बिलात वर बसलेला आहे. मिरचीच्या ओळीत वजन, दर आणि रक्कम असे तीन आकडे आहेत आणि ते एकमेकांना बांधलेले आहेत. चार गुणिले २८५ म्हणजे ११४०. तिथला ४ हा आठ धरला तर गुणाकार २२८० येतो, आणि रकमेत तसं काही दिसत नाही. म्हणजे या हातचा ४ कसा दिसतो, हे गुणाकारानं सिद्ध झालं. आता तो सिद्ध झालेला ४ आणि हमालीचा अंक शेजारी धरून पाहायचा. हमालीच्या ओळीला स्वतःचा ताळा नाही, पण मिरचीच्या ओळीचा ताळा तिला उसना देता येतो. लसणाच्या ओळीतही तेच. ५ ला 4 वाचलं तर चार गुणिले १४० म्हणजे ५६०, आणि रक्कम तर ७०० किंवा फार तर 600 दिसते. दोन्ही जुळत नाहीत. पाच धरले की ७०० चोख बसतात, आणि या हातचे ५ आणि ७ दोन्ही एकदमच पक्के होतात.

याच बिलात डोळ्यांनी टिपता येण्याजोगी आणखी एक खूण आहे. एकूण रकमेत २८४० मध्ये ८ आणि ४ शेजारी आहेत. ज्यानं ते 2880 वाचले त्यानं दोन वेगळ्या आकारांना एकच अंक म्हटलं. एका माणसाच्या हातात एका अंकाचे दोन आकार सहसा नसतात. म्हणून संशयाच्या रकमेत असे दोन वेगळे आकार एकाच किमतीचे वाचले गेले असतील, तर दोहोंपैकी एक वाचन नक्कीच खोटं. हे पाहायला गुणाकारही लागत नाही.

मग नियम असा निघतो: आधी हात ओळखायचा, मग अंक. बिल हाती आलं की ते मराठी आकड्यांचं आहे की इंग्रजी, हे पहिल्यांदा ठरवायचं, आणि ते ठरवताना फसव्या चौघांकडं पाहायचंच नाही. ६, ८, ९ कुठं मराठी वळणाचे दिसले तर हात मराठी. इंग्रजी 5 किंवा 7 दिसला तर हात इंग्रजी. हे ठरलं की १, ४, ५, ७ यांची किंमत आपोआप ठरते. छापील बिलबुकावरचा पावती क्रमांक आणि फोन नंबर मात्र या परीक्षेत धरायचे नाहीत. ते छापखान्याचे असतात, व्यापाऱ्याचे नव्हेत.

रकमा घेऊन झाल्यावर बेरीज जुळली नाही, तर फरकाकडं बघितलं की चूक कुठली हे बऱ्याचदा कळतं. या चार चुकांची किंमत ठरलेली आहे. ४ चा 8 झाला की फरक चाराचा, आणि स्थानाप्रमाणं चाळीस किंवा चारशेचा, नेहमी जास्तीकडं. १ चा 9 झाला की आठाचा, ऐंशीचा किंवा आठशेचा, तोही जास्तीकडं. ५ चा 4 किंवा ७ चा 6 झाला की एकाचा, दहाचा किंवा शंभराचा, पण कमीकडं. म्हणजे आपली बेरीज बिलापेक्षा चारशेनं जास्त आली तर शतकाच्या जागी असलेले ४ आधी तपासावेत. शंभरानं कमी आली तर शतकाच्या जागचे ५ आणि ७. दोन चुका एकत्र झाल्या की हा माग पुसट होतो, हे खरं. तरी एकेका बिलाला तो उपयोगी पडतोच. रकमा एकानं वाचायच्या आणि दुसऱ्यानं टाइप करायच्या, अशी रीत असेल तर आणखी एक चूक होते. मराठीत अठ्ठावन्न म्हणताना आठ आधी कानावर पडतो, आणि भराभर टाइप करणारा 85 टाकून मोकळा होतो. अशा अदलाबदलीचा फरक नेहमी नऊनं भागला जातो. अठ्ठावन्न आणि पंच्याऐंशी यांच्यात सत्तावीसचा फरक आहे. चाळीस किंवा ऐंशीला नऊनं पूर्ण भाग जात नाही. फरकाला नऊनं भाग गेला तर आधी कानाकडं संशय घ्यावा, नाही गेला तर डोळ्याकडं.

इथवर गुणाकाराची बाजू भक्कम वाटते, पण तिला मर्यादा आहे आणि ती सांगितल्याशिवाय न्याय होणार नाही. छोटा व्यापारी रक्कम सोडून देतो. दीड किलो धने, दर १५५, म्हणजे दोनशे साडेबत्तीस होतात. तो २३० लिहितो. हिशेब करणाऱ्याच्या डोक्यात गुणाकाराचं भूत बसलं असेल तर तो एक तर रक्कम २३२.५० करतो, नाहीतर दर चुकीचा वाचला असं समजून तो बदलतो. दोन्ही अपराधच, कारण गेलेले पैसे २३० आहेत आणि लिहिलेला दर १५५ आहे. व्यापाऱ्याचा गुणाकार खरोखर चुकलेलाही असतो. ती चूक त्याची आहे. ती बिलात राहिली पाहिजे आणि आपल्या टिपणात दिसली पाहिजे. म्हणून गुणाकाराला अधिकार द्यायचा तो एवढाच: डोळ्याला एका अंकाच्या जागी दोन शक्यता दिसत असतील, तर त्या दोहोंतली एक त्यानं निवडावी. जिथं अंक स्वच्छ आहे तिथं त्यानं तोंड उघडू नये, आणि तिसरी शक्यता तर कधीच सुचवू नये.

हे पाळायचं तर वाचलेलं आणि ठरवलेलं वेगवेगळं ठेवावं लागतं. संगणकावर दोन रकाने करावेत. एकात बिलावर दिसतं तसं, मराठी आकड्यांत आणि २॥ सारख्या खुणांसकट. दुसऱ्यात आपण ठरवलेली किंमत, इंग्रजी आकड्यांत. बेरीज दुसऱ्याच रकान्याची. शंका असलेल्या ओळीपुढं शंका कशी सुटली ते दोन शब्दांत लिहावं: गुणाकारावरून, अक्षरी रकमेवरून, की दुकानात विचारून. पुढं कुणी बिल उघडलं तर त्याला आपलं वाचन तपासता येतं. एकच रकाना ठेवला तर चूक आणि दुरुस्ती दोन्ही एकाच आकड्याखाली गाडले जातात.

संगणकाच्या बाबतीत एक गोष्ट सांगून ठेवायला हवी. मराठी कीबोर्ड चालू राहिला आणि एखादी रक्कम दुसऱ्या रकान्यात मराठी आकड्यांत पडली, तर एक्सेलसारखी शीट तिला संख्या न मानता मजकूर मानू शकते. बेरजेचं सूत्र मजकुराच्या चौकटी मुकाट्यानं वगळतं. ना लाल खूण, ना सूचना. रक्कम डोळ्यांना दिसते, बेरजेत नसते. त्याची तपासणी सोपी आहे. रकमा C2 ते C7 मध्ये असतील तर रिकाम्या चौकटींत हे दोन टाकावेत:

```
=COUNT(C2:C7)
=COUNTA(C2:C7)
```

पहिलं फक्त संख्या मोजतं, दुसरं भरलेली प्रत्येक चौकट. दोन्हींचं उत्तर सारखं नसेल तर कुठली तरी रक्कम मजकूर होऊन बसली आहे. बेरजेकडं पाहण्याआधी हे दोन आकडे पाहावेत.

आता मूळ वादाकडं येऊ. व्यापाऱ्यांनी इंग्रजी आकडेच लिहावेत, या म्हणण्यामागं वजनदार कारणं आहेत. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३४३ नं केंद्र सरकारच्या कामासाठी भारतीय अंकांचं आंतरराष्ट्रीय रूप ठरवलं आहे, म्हणजे आपण ज्यांना इंग्रजी आकडे म्हणतो तेच. टॅली असो की जीएसटीचं विवरणपत्र, शेवटी त्याच आकड्यांत जावं लागतं. सेमी इंग्रजीत गणित शिकलेली मुलं आता हिशेबाच्या टेबलावर आहेत आणि मराठी ६ आणि ९ पाशी त्यांना थांबावं लागतं. शिवाय रूपांतर जितक्या लवकर होईल तितकी चूक कमी. ज्यानं माल मोजला त्यानंच आकडा प्रमाण रूपात लिहिला, तर वाचणाऱ्याला काही ठरवावंच लागत नाही.

पण या म्हणण्यात एक गृहीत आहे: सांगितलं की व्यापारी इंग्रजी आकडे लिहील. तो लिहील, पण बऱ्याचदा अर्धेच. हात मराठी आकड्यांवर बसलेला आणि सूचना इंग्रजीची, तर एकाच बिलात दोन्ही लिप्या येतात. तारीख इंग्रजीत, वजन मराठीत, दर इंग्रजीत सुरू होऊन मराठीत संपतो. दुकानात सकाळी वडील आणि संध्याकाळी मुलगा बसत असेल तर बिलबुकात पान बदललं की लिपी बदलते. अशा मिसळलेल्या बिलात वर सांगितलेला हात ओळखण्याचा नियमच मोडतो. गाठवाला अंक १ आहे की 9, हे ठरवायला मग हाताच्या वळणाचा आधार उरत नाही. नुसत्या मराठी बिलापेक्षा मिसळलेलं बिल जास्त धोक्याचं. प्रमाणीकरणाचा आग्रह धरणाऱ्यांनी ही किंमत हिशेबात धरलेली दिसत नाही.

दुसऱ्या बाजूचा, म्हणजे वाचणाऱ्यानंच शिकावं या म्हणण्याचाही एक कमकुवत सांधा आहे. रकमेला साक्षीदार असतो: गुणाकार, बेरीज, अक्षरी रक्कम. पण बिलावर सगळेच आकडे रकमेचे नसतात. बँक खात्याचा क्रमांक, मोबाइल नंबर, गाडीचा नंबर, मागच्या पावतीचा क्रमांक, यांच्यातला ४ खरा की 8 हे सांगायला कुठलाही गुणाकार येत नाही. खातेक्रमांकात एक अंक चुकला की पैसे दुसरीकडं जातील किंवा परत येतील. अंक वाचायला शिका, हा उपदेश इथं पुरा पडत नाही, कारण फिकट कॉपीवर मिटलेल्या ४ पुढं मराठीत मुरलेला वाचकही तितकाच हतबल असतो. मोटार वाहन नियमांनी नंबरप्लेटवर इंग्रजी अक्षरं आणि इंग्रजीच आकडे सक्तीचे केले आहेत. कोल्हापुरात हौसेनं मराठी आकड्यांच्या प्लेटा लावणाऱ्यांना तो नियम खुपतो, पण त्यामागचं कारण हेच असावं: ज्या आकड्याला ताळा नाही तो सगळ्यांना एकसारखाच दिसला पाहिजे.

रकमेसाठी मात्र कायद्यानंही वेगळा विचार केलेला दिसतो. रिझर्व्ह बँकेच्या सूचनांप्रमाणं धनादेश प्रादेशिक भाषेत लिहिता येतो. आणि १८८१ च्या चलनक्षम दस्तऐवज कायद्याचं कलम १८ सांगतं की आकडी आणि अक्षरी रकमेत फरक पडला तर अक्षरी रक्कम धरायची. म्हणजे आकड्याची लिपी बदलण्यापेक्षा आकड्याशेजारी दुसरा साक्षीदार उभा करणं, हा मार्ग व्यवहारानं आधीच पत्करलेला आहे. वरच्या बिलावर ‘अक्षरी दोन हजार आठशे चाळीस’ एवढं लिहिलेलं असतं तर 2880 चा प्रश्न उठलाच नसता. चाळीस आणि ऐंशी कितीही घाईत लिहिले तरी एकासारखे दुसरे दिसत नाहीत. अक्षरांतही वाचणाऱ्याला थोडी तयारी लागते. पावणेदोनशे म्हणजे १७५, सव्वाशे म्हणजे १२५ आणि साडेसातशे म्हणजे ७५०, हे नव्या मुलांना सांगावं लागतं. पण ते एकदाच सांगावं लागतं. हाताचं वळण दर दुकानाला नव्यानं शिकावं लागतं.

वेळेचाही विचार केला पाहिजे. प्रत्येक बिलाच्या प्रत्येक ओळीचा गुणाकार तपासायचा म्हटलं तर कुठलंच ऑफिस ते करणार नाही, आणि करायची गरजही नाही. ज्या बिलात हात स्वच्छ आहे, अक्षरी रक्कम लिहिलेली आहे आणि बेरीज तिच्याशी जुळते, ते तसंच पुढं जाऊ द्यावं. थांबावं ते दोन ठिकाणी. एक, बिलात हमाली, गाडीभाडं किंवा मागील बाकी अशी वजन-दर नसलेली ओळ असेल आणि तिच्यात १, ४, ५, ७ पैकी अंक असेल. दोन, अक्षरी रक्कमच नसेल. नव्या दुकानाचं पहिलं बिल आलं की एकदा सगळ्या ओळी गुणाकारानं तपासून त्या हातचे दहाही अंक ओळखून ठेवावेत. ते वळण पुढच्या बिलांना उपयोगी पडतं, लिहिणारा माणूस बदलेपर्यंत.

दोन्ही बाजू तोलल्यावर आमचं मत असं होतं. छोट्या व्यापाऱ्याकडं इंग्रजी आकड्यांचा सरसकट आग्रह धरू नये. त्यानं मिसळलेली बिलं वाढतील आणि चुकाही वाढतील. मागायचं असेल तर तीन गोष्टी मागाव्यात. एकूण रक्कम अक्षरी लिहा. वजन आणि दर सोडू नका, नुसती रक्कम लिहू नका. पाव-अर्ध्याच्या रेघांऐवजी ग्रॅम लिहा, म्हणजे २॥ ऐवजी २ किलो ५०० ग्रॅम. या तिन्हींसाठी हाताचं वळण बदलावं लागत नाही. ज्याला ताळा नाही असे आकडे, म्हणजे खाते, फोन, गाडी आणि पावती यांचे क्रमांक, तेवढे इंग्रजीत लिहावेत, आणि शक्य तिथं छापून किंवा शिक्क्यानं घ्यावेत, म्हणजे हातानं लिहायची वेळच येणार नाही.

बाकीचा भार हिशेब ठेवणाऱ्यानं उचलायचा आहे, कारण रूपांतर त्याच्या सोयीसाठी होतं. व्यापाऱ्याचं बिल पुरं होतं तेव्हा ते गिऱ्हाइकाला कळलेलं असतं. संगणकाला कळणं ही पुढची गरज आहे आणि तिचा खर्च ज्याची गरज त्यानं सोसावा. तो खर्च फार नाही: हात ओळखणं, दोन रकाने, ताळा नसलेल्या ओळीपाशी थांबणं, आणि तरीही उलगडलं नाही तर दुकानात एक फोन. हे न करता जुळलेल्या बेरजेवर टिकमार्क करणाऱ्या ऑफिसला व्यापाऱ्याच्या आकड्यांबद्दल तक्रार करायचा अधिकार नाही. आणि अक्षरी रकमेची ओळ कोरी सोडणाऱ्या व्यापाऱ्यालाही, वर्षाअखेरीस बाकी जुळत नाही म्हणून ऑफिसला दोष देता येणार नाही.